मुलीच्या कॉलेजचे पैसे कुठे ठेवू?

नमस्कार सर,
मी कराडजवळच्या गावातून लिहितेय. आमच्या मुलीला या जूनमध्ये आठ वर्षं पूर्ण झाली, तिसरीत आहे. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, वर्षाला साडेआठ लाखांच्या आसपास पगार, तो सात तारखेला होतो. घरखर्च जाऊन महिन्याला 5,000 बाजूला पडतात आणि भिशीचे 25,000 आत्ताच हातात आलेत. जाऊबाई म्हणतात सगळे सुकन्यात टाक, व्याज सगळ्यात जास्त. मिस्टर म्हणतात पीपीएफ, कर वाचतो. सासरे म्हणतात किसान विकास पत्र घे, दुप्पट होतात. मला पैसे तिच्या कॉलेजच्या चार वर्षांसाठी हवेत. कोणाचं ऐकू?
– एक वाचक

ताई,

मी पोस्टाच्या बचत खिडकीवर बरीच वर्षं काढली. तिथे समोर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न व्याजाचा विचारायचा. पैसे नेमके कधी हातात येतील, हे विचारणारे थोडे. तुम्ही ते पत्रात स्वतःहून लिहिलंय, म्हणून मी व्याजापासून नाही, तिथूनच सुरुवात करतो. तुमची मुलगी आजपासून बरोबर दहा वर्षांनी कॉलेजात जाईल आणि पुढे चार वर्षं दर जून-जुलैत फी भरावी लागेल. हे महिने डोळ्यापुढे ठेवून एकेक योजना बघू.

सुकन्या समृद्धीवर जानेवारी 2024 पासून 8.2 टक्के व्याज आहे आणि या घरातल्या योजनांत तेच सगळ्यात वर आहे, जाऊबाईंचं त्यात काही चुकलं नाही. पण या खात्याची मुदत मुलगी 21 वर्षांची होईपर्यंत असते असा समज मी शेकडो वेळा ऐकलाय, आणि तो चुकीचा आहे. मुदत खातं उघडल्यापासून 21 वर्षांची. तान्ह्या मुलीचं खातं उघडलं तर दोन्ही एकच होतं, म्हणून हा समज पसरला. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे खातं पूर्ण होईल तेव्हा ती 29 वर्षांची असेल. त्याआधी अठरा पूर्ण झाल्यावर लग्न ठरलं तर खातं बंद करता येतं. शिक्षणासाठी ती दहावी पास झाली किंवा अठराची झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून पैसे काढता येतात. मात्र आधीच्या मार्चअखेर जी शिल्लक असेल तिच्या जास्तीत जास्त निम्मे. तेही प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती दाखवून, आणि फी जितकी तितकेच. एकदम घ्या किंवा वर्षाला एकदा असं पाच वर्षांपर्यंत हप्त्याने घ्या.

आता तुमचे 5,000 रुपये सगळेच्या सगळे सुकन्यात गेले असं धरू. आज असलेला दर तसाच राहिला, तर ती कॉलेजला जाण्याआधीच्या मार्चअखेर खात्यात साधारण 8 लाख 95 हजार असतील. पासबुकावर आकडा तेवढा दिसेल, पण फीसाठी हातात येतील 4 लाख 47 हजार. उरलेले तिथेच राहतील, व्याजही मिळत राहील, फक्त तुम्हाला ज्या चार वर्षांत ओढाताण होणार आहे त्या चार वर्षांत ते मिळणार नाहीत.

पीपीएफचा हिशेब याहून कडक आहे. मुदत 15 वर्षांची म्हणतात, पण ती ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर मोजायला सुरुवात होते. एप्रिलमध्ये उघडलेलं खातं जवळजवळ सोळा वर्षं चालतं, मार्चमध्ये उघडलेलं पंधरा वर्षं आणि थोडे दिवस, आणि दोन्ही एकाच दिवशी पूर्ण होतात. मधे पैसे काढता येतात, सातव्या आर्थिक वर्षापासून, वर्षातून एकदा. किती? चार वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरची शिल्लक आणि गेल्या मार्चअखेरची शिल्लक, यातली जी कमी असेल तिच्या निम्मे. तुमचे 5,000 सगळे पीपीएफमध्ये घातले तर मुलगी अठराची होईल तेव्हा 7.1 टक्क्याने खात्यात साधारण 8 लाख 45 हजार असतील. पण नियम मागची चौथी शिल्लक बघतो, ती असेल सव्वापाच लाखांच्या आसपास. त्याच्या निम्मे म्हणजे 2 लाख 62 हजार. पुढच्या वर्षी पुन्हा काढता येतील हे खरं, तरी पहिल्या वर्षीची फी, होस्टेल आणि लॅपटॉप एकत्र आले की एवढे अपुरे पडतात.

बघा, दोन्ही खात्यांतल्या शिल्लकेत दहा वर्षांनी फरक पडतोय 50 हजारांचा. हातात येणाऱ्या रकमेत मात्र 1 लाख 85 हजारांचा. एक टक्का व्याजापेक्षा काढण्याच्या नियमाने तुमचं जास्त बरंवाईट होतंय.

आता जी योजना तुमच्या घरात कोणीच सुचवली नाही ती सांगतो, राष्ट्रीय बचत पत्र, म्हणजे आपण ज्याला एनएससी म्हणतो ते. मुदत पाच वर्षांची, मधे मोडता येत नाही. ज्याच्या नावावर आहे तो गेला किंवा कोर्टाचा आदेश झाला असं काही झालं तरच. एप्रिल 2023 पासून दर 7.7 टक्के आहे, म्हणजे आज ठेवलेल्या 10,000 चे पाच वर्षांनी 14,490 होतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की ज्या दिवशी पत्र घेता त्या दिवशीचा दर पाचही वर्षं पक्का राहतो. सुकन्या आणि पीपीएफचं तसं नाही. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं आणि तो बदलला तर तुमच्या सगळ्या जुन्या शिल्लकेला लागू होतो. सुकन्या 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा 9.1 टक्के होती, 2020 ते 2023 मध्ये 7.6 वर उतरली होती, मग पुन्हा चढली. म्हणून वर दिलेले लाखांचे आकडे अंदाजाचे समजा. एनएससीचा 14,490 हा आकडा मात्र वचनाचा आहे.

सासऱ्यांच्या किसान विकास पत्रावर 7.5 टक्के मिळतात आणि 115 महिन्यांत, म्हणजे नऊ वर्षं सात महिन्यांत पैसे दुप्पट होतात. अडीच वर्षांनंतर कधीही मोडता येतं, ही त्याची खरी सोय. दर कमी होत जातील अशी ज्यांना भीती वाटते त्यांना साडेनऊ वर्षांचा पक्का दर मिळतो, हेही खरं. पण तुम्हाला फी चार तुकड्यांत भरायची आहे, तिथे मी एनएससीच घेईन.

आता कराचं बघू, कारण मिस्टर पीपीएफवर अडून बसलेत ते त्याच्यासाठी. त्यांना पगाराची पावती किंवा फॉर्म 16 काढून बघायला सांगा, ते नव्या करप्रणालीत आहेत की जुन्या. आता न विचारता नवीच लागू होते, जुनी हवी असेल तर मुद्दाम निवडावी लागते. नव्यात 80सीची वजावटच नाही. म्हणजे पीपीएफ भरा, सुकन्या भरा, एनएससी घ्या, भरलेल्या पैशावर एक रुपयाही कर कमी होत नाही. आणि आर्थिक वर्ष 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत नव्या प्रणालीत कर लागतच नाही. साडेआठ लाख पगार म्हणजे तुमच्याकडे वाचवायला करच नाही. मिस्टर जी गोष्ट वाचवायला निघालेत ती आत्ता अस्तित्वातच नाही, हे त्यांना शांतपणे दाखवा.

व्याजावरचा कर ही वेगळी गोष्ट आणि ती नव्या प्रणालीतही तशीच राहते. पीपीएफ आणि सुकन्याचं व्याज पूर्ण करमुक्त असतं. एनएससी आणि किसान विकास पत्राचं व्याज उत्पन्नात धरावं लागतं. तुमच्या घराला आज कर शून्य, म्हणून एनएससीचे 7.7 टक्के तुम्हाला पूर्ण 7.7 पडतात आणि ते पीपीएफच्या 7.1 पेक्षा सरळ जास्त आहेत. उद्या मिस्टरांचा पगार पावणेतेरा लाखांच्या वर गेला तर वरच्या उत्पन्नावर आजच्या हिशेबाने 15 टक्के कर आणि उपकर लागेल. मग तेच 7.7 टक्के हातात साडेसहा पडतील आणि तेव्हा पीपीएफ पुढे जाईल. तोपर्यंत नाही.

यात एक काळजी घ्या. एनएससीवर पोस्ट कर कापून घेत नाही, त्यामुळे लोक व्याज विसरूनच जातात आणि पाच वर्षांचं सगळं एकदम शेवटच्या वर्षी अंगावर येतं. नेमकं त्याच वर्षी उत्पन्न मर्यादेच्या काठावर असलं तर नसलेला कर लागतो. म्हणून व्याज प्रत्येक वर्षी त्या-त्या वर्षाच्या विवरणपत्रात इतर उत्पन्न म्हणून दाखवा. 24,000 च्या पत्रावर पहिल्या वर्षी ते 1,848 रुपये होतं. पत्र तुमच्या नावावर घेतलं तरी पैसे मिस्टरांचे असतील तर व्याज त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं, हेही लक्षात असू द्या. नाव बदलून कर टळत नाही.

आता माझा सल्ला. महिन्याच्या 5,000 पैकी 3,000 सुकन्यात आणि 2,000 एनएससीसाठी.

सुकन्याचं खातं याच महिन्यात उघडा. दहावा वाढदिवस उलटला की खातं उघडताच येत नाही, म्हणजे तुमच्याकडे अजून दोन वर्षं आहेत. पण जितका उशीर तितकी ती 21 वर्षं पुढे सरकतात. महिन्याला 3,000 ने कॉलेजच्या तोंडावर खात्यात साधारण 5 लाख 37 हजार असतील आणि फीसाठी 2 लाख 68 हजार काढता येतील.

एनएससीचं असं करा. भिशीच्या 25,000 मधून आत्ता 24,000 चं पहिलं पत्र घ्या. मग दरमहा 2,000 बचत खात्यात साठवत जा आणि दर जूनमध्ये 24,000 चं एक पत्र घ्या. दिवाळीचा बोनस आला की पत्र घ्यायचा मोह होईल, पण दिवाळीत घेतलेलं पत्र पाच वर्षांनी दिवाळीतच मोकळं होतं आणि फी तोवर भरून झालेली असते. जूनच बरा.

आजचं पत्र मुलगी तेरा वर्षांची होईल तेव्हा 34,776 चं होईल. त्यातले 34,700 पुन्हा नव्या पत्रात घाला, ती अठराची होईल तेव्हा त्याचे साधारण 50,300 होतील. दुसऱ्या टप्प्याला तेव्हाचा दर लागेल, इथे मी आजचाच धरलाय. त्याच जूनमध्ये, ती तेराची असताना, महिन्याच्या बचतीतूनही 24,000 चं एक पत्र घेतलेलं असेल, त्याचे अठराव्या वर्षी 34,776. दोन्ही मिळून पहिल्या वर्षीच्या फीसाठी 85,000. पुढच्या वर्षीचं आणि चौदाव्या वर्षीचं पत्र दुसऱ्या वर्षाच्या फीला, असं करत चारही जूनला साधारण 85,000 येत राहतात. बाराव्या वर्षी घेतलेलं पत्र सतराव्या वर्षी मोकळं होतं, ते प्रवेश परीक्षांच्या क्लासला किंवा अर्ज-फॉर्मच्या खर्चाला येईल.

चार वर्षांत एनएससीचे 3 लाख 40 हजार, क्लासचे 35,000, सुकन्याचे 2 लाख 68 हजार. साडेसहा लाखांच्या जवळ जाता. भिशीसकट सगळे सुकन्यात टाकले असते तर त्याच चार वर्षांत 4 लाख 74 हजारच मिळाले असते. एकूण व्याज सुकन्यात जास्त मिळालं असतं हे मी नाकारत नाही. पण ते तिच्या 29 व्या वर्षी मिळालं असतं, आणि दरम्यान फीसाठी तुम्ही सोनं गहाण ठेवलं असतं किंवा शैक्षणिक कर्ज काढलं असतं. ते कर्ज 8.2 टक्क्यांपेक्षा महाग पडण्याचीच शक्यता जास्त.

मुलगी कॉलेजात गेली की सुकन्यात 3,000 भरत राहण्याची गरज नाही. भरण्याचा काळ खातं उघडल्यापासून 15 वर्षं आहे, पण वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. ती पाच वर्षं 250 भरा आणि महिन्याचे 3,000 तिच्या खाणावळीला वापरा. 250 सुद्धा चुकले तर दर वर्षामागे 50 रुपये दंड भरून खातं सुरळीत करून घ्यावं लागतं. आत राहिलेले 2 लाख 68 हजार आजच्याच दराने वाढले तर ती 29 ची होईल तेव्हा सहा लाखांच्या पुढे जातील, पूर्ण करमुक्त. पुढचं शिक्षण, लग्न, घर, जे तिला करायचं असेल त्याला ते येतील. अठरा पूर्ण झाल्यावर खातं तीच चालवते, हे तिला आधीपासून माहीत असू द्या.

आता पगाराची सात तारीख. तुम्ही सहज लिहिलंय, पण मला ते लगेच खटकलं. सुकन्यात आणि पीपीएफमध्ये महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात. सात तारखेला पगार होऊन आठला 3,000 भरले की त्या 3,000 वर त्या महिन्याचं व्याज नाही. वर्षाचे मिळून 246 रुपये जातात, आणि पुढे त्यावरचं व्याजही. त्यापेक्षा एकदाच एका महिन्याचे 3,000 आगाऊ जमवून ठेवा, दर महिन्याचा हप्ता त्यातून त्याच महिन्याच्या एक ते चार तारखेला भरा आणि सातच्या पगारातून ते पुन्हा भरून काढा. चेकने भरणार असाल तर चेक वटल्याची तारीख धरतात, खिडकीत दिल्याची नाही. मी स्वतः ऐन उमेदीत पीपीएफचा वर्षाचा चेक चार एप्रिलला दिला आणि तो सुट्टीमुळे आठला वटला. एका महिन्याचं व्याज गेलं, तेही मी रोज लोकांना हाच नियम सांगत असताना.

मिस्टरांचं मन मोडू नका, पीपीएफ त्यांच्यासाठी उघडाच, पण मुलीसाठी नाही. भिशीतून उरलेल्या 1,000 पैकी 500 रुपये त्यात घाला आणि दर वर्षी किमान 500 भरत राहा. खातं या 31 मार्चच्या आत उघडलं की झालं, आज उघडा की फेब्रुवारीत, मुदत एकाच दिवशी संपते. एप्रिल उजाडला तर मात्र एक अख्खं वर्ष पुढे जातं. मुलीचं शिक्षण होईपर्यंत ही 15 वर्षं जवळपास संपत आलेली असतील. मग त्यात मोठी रक्कम घालता येईल आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येईल. वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि म्हातारपणी व्याजावर कर नाही. वाढवताना मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत फॉर्म 4 भरून द्यायचा. तो न देता लोक पैसे भरत राहतात आणि त्या भरण्यावर व्याज मिळत नाही. असे रडवेले चेहरे मी खिडकीपलीकडे पाहिलेत.

आणखी एक. एनएससी आपोआप पुढे जात नाही. तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या वर्षी तुम्हाला स्वतः जाऊन पैसे काढून पुन्हा पत्र घ्यावं लागेल, कोणी फोन करणार नाही. आता कागदी पत्र मिळत नाही, पासबुकावर नोंद होते. त्या पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने मुदतीची तारीख लिहा आणि तिच्यापुढे मुलीचं त्या वेळचं वय. ‘जून, वय 13, पुन्हा ठेवणे.’ एवढंच.

खिडकीवर जाताना मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन, दोन फोटो न्या. दोन्ही खात्यांना वारसाचं नाव त्याच दिवशी लावून घ्या आणि ते पासबुकावर छापून आलंय ना, हे खिडकी सोडण्याआधी वाचून बघा. दर तिमाहीला बदलू शकतात, तेव्हा त्या दिवशीचा दर विचारून मगच पत्राच्या फॉर्मवर सही करा.